टक्के आडवे की उभे?

म्हापशात १२० विद्यार्थ्यांचा सर्व्हे केला: ८० मुली, ४० मुलगे. त्यातल्या ४० मुली आणि ३० मुलगे स्कूटरने येतात. तक्त्यात मुली-मुलगे ओळींत, स्कूटर स्तंभांत मांडून मी उभे टक्के काढले, म्हणजे स्तंभाच्या बेरजेवर: ७० स्कूटरवाल्यांत मुली ५७ टक्के. दोन गोष्टींत संबंध आहे का ते तपासणारा काय-स्क्वेअर ६.८६, p ०.००९, म्हणजे संबंध नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी. बिनधास्त लिहून टाकलं, 'मुली स्कूटर जास्त वापरतात.'

मॅडम म्हणाल्या, "अगं, मुळात मुलीच दुप्पट आहेत ना?"

आडवे टक्के काढले, म्हणजे ओळीच्या बेरजेवर. मुलींत ५०, मुलग्यांत ७५. निष्कर्ष उलटाच! काय-स्क्वेअर मात्र तोच राहिला, कारण तो दिशा सांगतच नाही. संबंध नसता तर ८० × ७० ÷ १२०, म्हणजे सुमारे ४७ मुली स्कूटरवर अपेक्षित होत्या, निघाल्या ४०. दिशा इथे दिसते. संबंध किती घट्ट ते सांगणारा फाय ०.२४ आला, म्हणून संबंध घट्ट नाही, हेही लिहिलं.