‘आपल्यातलाच आहे’ म्हणून न विचारलेले प्रश्न

समुपदेशनाचा डिप्लोमा किंवा एम.ए. संपवून नुकतेच क्लायंट घ्यायला लागलेल्यांसाठी हे लिहितेय. सहानुभूती, गोपनीयता, खुले प्रश्न हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालते. मी पडले तो खड्डा मात्र अभ्यासक्रमात भलत्याच ठिकाणी दाखवला होता. सांस्कृतिक फरक म्हणजे परधर्माचा, परभाषेचा क्लायंट, असं आमच्या डोक्यात बसलेलं. त्यामुळे बोहरा कुटुंबातल्या बाई आल्या की मी जपून, विचारत विचारत जायचे. माझीच भाषा बोलणारा माणूस आला की विचारणं बंद, कारण मला ‘कळतंच’.

तो २७ वर्षांचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि दोन-तीन जणांचे एकत्र केलेत.) माळशिरस तालुक्यातलं गाव, पुण्यात कंपनीत नोकरी, गळ्यात तुळशीची माळ. झोप लागत नाही, पित्त उसळतं, कामात चुका होतात म्हणून आलेला. पगार ३८ हजार, त्यातले २० हजार गावी. धाकट्या भावाचं शिक्षण, वडिलांच्या विहिरीचं कर्ज. लग्नाचं विचारलं तर, “चुलते बघतायत.” आषाढीला रजा मिळत नाही म्हणून मॅनेजरशी दरवर्षी वाजायचं, तेही त्याने ओघात सांगितलं.

मी सदाशिव पेठेत वाढलेली, चौकोनी कुटुंबातली. मी नुकताच आरईबीटीचा कोर्स केला होता. आपल्याकडे ही पद्धत फार रुजलीय, आणि मला ती आजही आवडते. पण नव्या माणसाला तिची एक खोड लागते: क्लायंटच्या वाक्यातला ‘च’ टिपायचा आणि त्यावर झडप घालायची. तो म्हणाला, “घरी पैसे पाठवायलाच पाहिजेत.” झालं! मी विचारलं, “पाहिजेतच, असं कुठे लिहिलंय?” तो हसला आणि म्हणाला, “बरोबर आहे मॅडम.”

तिसऱ्या भेटीत मी त्याला विचारलं, “तू म्हटलं तर चालेल ना?” तो म्हणाला, “चालेल की.” दुसरं काय म्हणणार? दारावरच्या पाटीवर माझं आडनाव होतं, ते वाचून त्याला माझी जात कळली होती. त्याच्या आडनावावरून मला त्याची. दोघांनीही विषय काढला नाही आणि मी त्यालाच मोकळेपणा समजले.

चौथ्या भेटीत मी गृहपाठ दिला. ‘नाही’ म्हणण्याची सुरुवात सोप्या गोष्टीपासून करायची, म्हणून यंदा वारीला येणं जमणार नाही असं घरी कळवायचं. माझ्या हिशोबात वारी म्हणजे रजेची कटकट अधिक वडिलांचा दबाव. त्याने ते केलं. आणि नंतर आला नाही.

तेव्हा मी फाइलवर ‘बदलाला विरोध’ असं लिहिलं. ते वाचलं की आजही कानशिलं तापतात.

मला भानावर आणलं ते एका ज्येष्ठ बाईंनी. मार्गदर्शकांबद्दल माझं मत जरा कडवट आहे. केस ऐकून “छान हाताळलंस” म्हणणारा मार्गदर्शक फुकट मिळाला तरी महाग. या बाईंनी भेटीचं शब्दशः टिपण वाचायला लावलं. चौथ्या भेटीतली त्याची वाक्यं मोजली. नऊ निघाली, त्यातली सहा “हो मॅडम”, “बरोबर आहे”, “बघतो” या जातीची. पहिल्या भेटीत हाच मुलगा विहिरीला पाणी लागलं त्या दिवसाबद्दल पाच मिनिटं बोलला होता. “तो कधी गप्प झाला ते शोध,” बाई म्हणाल्या. शोधलं तर ‘कुठे लिहिलंय’ नंतर. तिथून पुढे त्याने गावाकडची एकही गोष्ट सांगितली नव्हती. चूक होतेय याची खूण भांडण नसते. आपल्याकडे माणूस शिकलेल्या मोठ्या माणसाला “तुम्ही चुकताय” म्हणत नाही. तो जास्त अदबीने वागायला लागतो.

याच बाईंनी मला टर्व्हलॉन आणि मरे-गार्सिया या दोन अमेरिकी डॉक्टरांचा १९९८ सालचा लेख दिला. ‘कल्चरल ह्युमिलिटी’ हा शब्द त्यातून रुजला. त्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर एक लॅटिन अमेरिकी वंशाची बाई कण्हत असते. तिला फार दुखतंय असं दिसतंय, असं त्याच वंशाचा डॉक्टर सांगतो. नर्स ते उडवून लावते, कारण तिने संस्कृतींबद्दलचा कोर्स केलेला असतो आणि हे लोक दुखणं वाढवून सांगतात हे तिला ‘माहीत’ असतं. तिथे अज्ञान नडलं नाही, माहिती नडली. म्हणूनच ‘अमुक समाजात असं असतं’ छापाचे तक्ते आणि शनिवार-रविवारच्या सर्टिफिकेटवाल्या कार्यशाळा यांवर माझा राग आहे. तक्ता पाठ असला की समोरच्याला विचारायची गरजच वाटत नाही.

तो दिवाळीनंतर परत आला. झोप आणखी बिघडली होती. मी आधी माझी बाजू सांगून टाकली: “मागच्या वेळी तुमचं घर कसं चालतं हे मी विचारलंच नाही, माझ्याच घराच्या मापाने बोलले. ते चुकलं.” तो गडबडला आणि “नाही नाही मॅडम” म्हणाला. ते होणारच. माफी मागून कोणी लगेच उघडत नाही, त्या भरवशावर राहू नका.

मग मी प्रश्न बदलले. डीएसएम-५ मध्ये २०१३ साली सोळा प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत आली, तिच्यातलेच, पण आपल्या बोलीत. फॉर्म भरल्यासारखे सोळाच्या सोळा वाचू नका, माणूस तलाठ्यासमोर बसल्यासारखा बसतो. मी तीनच घेतले. हा त्रास घरच्यांना कुठल्या शब्दांत सांगता? हे कशामुळे होतंय असं तुम्हाला वाटतं, आणि घरच्यांना काय वाटतं? आजवर अशा वेळी कशाने बरं वाटलंय?

पहिल्याचं उत्तर: “घरी सांगितलंच नाही.” दुसऱ्यावर तो बराच वेळ पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, २० हजार पाठवायला पुरत नव्हते. मोबाइलवरून कर्ज घेतलं. ९० हजार झालंय.” उन्हाळ्यात, माझ्याकडे येत होता तेव्हाही ते होतं. मग सांगितलं का नाही? “तुम्ही म्हणाला असता, बघ, मी सांगत होते.”

इथे थांबून नीट वाचा, कारण माझी खरी चूक ही आहे. ‘घरी पैसे देणं हे तुझं ओझं आहे’ ही बाजू मी घेतली, तेव्हा त्याला घराची बाजू घेणं भाग पडलं. माझ्यासमोर घराची लाज झाकायची म्हणजे कर्जही झाकायचं. एरवी तो घरच्यांपासून लपवत होता, आता दोन ठिकाणी लपवायला लागला.

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं: “वारी.” दरवर्षी वडील दिंडीबरोबर आळंदीपासून चालतात आणि हा शेवटचे तीन दिवस वेळापूरला जाऊन मिळतो. “वडील वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. पण वाखरीचं रिंगण झालं की सगळे एकमेकांच्या पाया पडतात. मी त्यांच्या पडतो आणि तेही माझ्या पडतात. माउली म्हणतात मला.” मग म्हणाला, “यंदा गेलो नाही. पहिल्यांदाच.”

वारकऱ्यांत लहानमोठं न बघता पायाला हात लावतात हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्याच्या वडिलांचा हात त्याच्या पायाला लागतो, हे विचारल्याशिवाय कसं कळणार? त्याच्या वर्षातली एकच जागा होती जिथे देणंघेणं बाजूला राहत होतं. मी तीच गृहपाठात उडवली.

आरईबीटी यात नापास झाली नाही, मी तिला चुकीच्या जागी लावलं. आई-वडिलांना पैसे देणं हे त्याचं मूल्य होतं आणि मूल्यावर वाद घालायचा नसतो. खरा ‘च’ खाली दडला होता: ‘माझ्यामुळे वडिलांना वाईट वाटताच कामा नये, वाटलं तर मी नालायक.’ यावर काम करता आलं, तेही त्याच्याच घरातल्या दाखल्यांनी. विहिरीला पहिल्यांदा पाणी लागलं नाही तेव्हा वडील आजोबांच्या नजरेत नालायक ठरले का? तो पटकन म्हणाला, “छे, आजोबांनी दुसरी जागा दाखवली.” आणि स्वतःच गप्प झाला.

कर्ज घरी सांगायचं कसं, यावरही माझी जीभ शिवशिवत होती: थेट बोला, स्पष्ट बोला. त्याऐवजी विचारलं, “तुमच्या घरात अशी गोष्ट वडिलांच्या कानावर कोण घालतं?” चुलते. तोंडावर थेट सांगणं म्हणजे वडिलांना जाब विचारण्यासारखं झालं असतं. चुलत्यांनी सांगितलं. वडील आठ दिवस काही बोलले नाहीत, ते आठ दिवस त्याला फार जड गेले आणि मलाही. मग आईचा फोन आला, “पुढच्या महिन्यापासून दहाच धाड.” भावाने शैक्षणिक कर्जासाठी अर्ज केला. झोप हळूहळू आली, पित्त अजून अधूनमधून उठतं.

याचा अर्थ घर म्हणेल ते सगळं मान्य, असा काढणारेही भेटतात, आणि ते मला जास्त घातक वाटतात. मारहाण, बळजबरीचं लग्न, औषध बंद करून फक्त देवऋषाकडे नेणं, इथे ‘त्यांची पद्धत’ म्हणून गप्प बसायचं नाही. मुलावर लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, आणि भूत उतरवायच्या नावाखाली मारणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. माझी कसोटी साधी आहे: इजा होतेय का, आणि त्या माणसाला ‘नको’ म्हणायची जागा आहे का? या मुलाच्या बाबतीत इजा नव्हती, फक्त मला ते आवडत नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि भेटीच्या भरात त्या एकसारख्याच वाटतात. अनुभव कमी असला की जास्तच. त्यामुळे घाबरू नका, पण स्वतःला चटकन माफही करू नका.

एक सवय मात्र लावून घ्या. भेट संपताना “बरं वाटलं का?” विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. मी विचारते, “आजचं बोलणं तुमच्या घरच्यांनी ऐकलं असतं, तर कुठे मान हलवली असती?” स्वतःच्या तोंडाने जे सांगता येत नाही ते लोक आई-वडिलांच्या तोंडाने सांगतात. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, “वडील म्हणाले असते, बाई चांगल्या आहेत, पण फार घाई करतात.”

पुढच्या ज्येष्ठात त्याचा मेसेज आला, आषाढातली भेट पुढे ढकलाल का? मी तारीख बदलली आणि वेळापूरला कसा जाणार ते विचारलं. एसटीने, म्हणाला, आणि मॅनेजरने या वेळी दोनच दिवस रजा दिलीय, तिसऱ्या दिवसाचं बघतो.