भाड्याची खेळणी बंद करताय? सगळ्यात आधी ऑटोपे कापू नका, आणि बाकीच्याही या चुका टाळा

आमच्याकडे कोथरूडला अडीच वर्षं दर महिन्याला भाड्याच्या खेळण्यांचा खोका येत होता आणि खरं सांगायचं तर आम्ही खूश होतो. पण लेक साडेचारची झाली आणि जूनपासून खोका आला की तसाच हॉलमध्ये पडून, तिला आता फक्त खाली पार्किंगमधली पोरं आणि दोन चाकांची सायकल पाहिजे. मी आज परत करू उद्या करू म्हणत जुलै घालवला. २ ऑगस्टला नवऱ्याने विचारलं, "अगं, ते ११९९ अजून जातायत का?" मी तिथल्या तिथे मोबाईल काढला, यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडलं, पिन टाकून मँडेट रद्द केलं आणि म्हटलं, संपला विषय.

तीच चूक. ती मला १,९५९ रुपयांना पडली, हिशोब खाली देते.

झालं असं की प्लॅन, खेळणी आणि मँडेट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक बंद केली म्हणून दुसरी आपोआप बंद होत नाही. मँडेट म्हणजे फक्त "माझ्या खात्यातून पैसे काढायला परवानगी आहे" एवढंच. ती परवानगी काढून घेतली तरी त्यांच्या सिस्टीममध्ये मी अजून मेंबरच, आणि घरात त्यांची पाच खेळणी. ७ तारखेला त्यांनी पैसे ओढायचा प्रयत्न केला, फेल झाला, आणि माझं अकाउंट "बंद" व्हायच्या ऐवजी "पेमेंट बाकी" मध्ये गेलं. बाकी असली की त्यांच्या ॲपमध्ये पिकअपचं बटणच करडं होतं, म्हणजे परत द्यायचं म्हटलं तरी देता येत नाही! मेल प्रमोशनच्या टॅबमध्ये पडत होते, मी बघितलं १९ तारखेला. तोपर्यंत ऑगस्टचं भाडं ११९९ आणि १२ दिवसांचा रोजचा ३० रुपये लेट चार्ज म्हणजे ३६०. भांडून बघितलं, पण अटींमध्ये लिहिलेलं होतं आणि मी अडीच वर्षांपूर्वी "मान्य" वर टिक केलेलं होतं, काय बोलणार.

मग बरोबर क्रम काय?

पैसे कटायची तारीख बघा आणि तिथून उलटे मोजा. माझी ७ तारीख होती, तर मी २५-२६ जुलैलाच लेखी कळवायला हवं होतं. लेखी म्हणजे मेल किंवा ॲपमधलं तिकीट, फोनवरच्या बाईने "हो मॅडम केलं" म्हटलं ते नाही. मेलमध्ये तीन वाक्यं पुरतात: अमुक तारखेपासून प्लॅन बंद करा, घरी ही ही खेळणी आहेत, ७ तारखेच्या आधीचा पिकअप द्या. भाडं तुम्ही कळवलं त्या दिवशी थांबतं की खेळणी त्यांच्या हातात पडली त्या दिवशी, हे अटींमध्ये शोधा, कारण पिकअपला चार-पाच दिवस सहज जातात आणि ते दिवस कोणाच्या खात्यावर हा सगळा प्रश्न आहे.

खेळणी गेली, पोच मिळाली, मग मँडेट रद्द. आणि पिकअपवाले तारखा पुढे ढकलत राहिले तर? तर कटायच्या दोन दिवस आधी मँडेट काढून टाकाच, पण त्याच दिवशी मेल टाका की मी २५ जुलैलाच कळवलंय, खेळणी तयार आहेत, उशीर तुमच्याकडून आहे. तेव्हा ते कापणं योग्य आहे, कारण तुमच्याकडे तारखेसकट कागद आहे. माझ्याकडे नव्हता.

नियमाप्रमाणे पैसे कटायच्या किमान २४ तास आधी मेसेज यायला लागतो, त्यात कोण, किती आणि कधी हे असतं, तो मेसेज आला की जागे व्हा. पण फक्त त्याच्यावर विसंबू नका, एका दिवसात खेळणी मोजून पॅक करून पिकअप होत नाही. आणि कार्डवरून पैसे जात असतील तर ते यूपीआय ॲपमध्ये दिसणारच नाही, बँकेच्या नेटबँकिंगमध्ये किंवा कार्डाच्या मँडेटच्या पानावर शोधावं लागतं. माझ्या मैत्रिणीने यूपीआय ॲपमध्ये बघितलं, काही दिसलं नाही, म्हणून खूश झाली आणि अजून दोन महिने पैसे गेले.

अजून एक, ऑटोपेमध्ये त्या मँडेटवर टॅप करून रक्कम बघा. माझा प्लॅन ११९९ चा होता पण मँडेट होतं ५००० "पर्यंत"चं! म्हणजे त्या मर्यादेत कमी-जास्त रक्कम मागता येते. तुटलेल्या खेळण्याचे पैसेसुद्धा डिपॉझिटऐवजी तिथूनच मागितले जाऊ शकतात, म्हणून शेवटचा हिशोब मिटला की परवानगी उगाच जिवंत ठेवू नका.

"पॉज करा ना"च्या नादी लागू नका

बंद करते म्हटलं की दोन महिने पॉज घ्या म्हणतात, ऐकायला छान वाटतं. पोराला खेळणी लहान पडायला लागली असतील तर पॉजचा काय उपयोग, दोन महिन्यांनी पोर लहान होणारे का? पॉज संपला की प्लॅन आपोआप चालू होतो आणि तेव्हा तुम्ही गणपतीच्या गडबडीत असता. पॉज गावाला जाताना घ्यायचा. हां, वयाचा गट बदलून बघायचा असेल तर एक महिना बघा, पण आमच्या अनुभवाने पोराने तीन आठवडे खोक्याला हात लावला नसेल तर गट बदलून फरक पडत नाही.

तुकडे मोजणं, इथे सगळ्यात जास्त पैसे जातात

अडीच हजार डिपॉझिट होतं माझं. परत देताना मी पाचही खेळणी खोक्यात कोंबली आणि दिली. मग मेल आला, ७०० कापले: फरशीवर लावायच्या ४८ तुकड्यांच्या पझलमधले दोन तुकडे नाहीत म्हणून ४००, आणि गोट्यांच्या घसरगुंडीची एक क्लिप नाही म्हणून ३००. दोन तुकड्यांसाठी ४०० कसे, तर एक तुकडा गेला तरी ते पझल पुढच्या घरी पाठवता येत नाही, म्हणून तुकड्याचे नाही, अख्ख्या पझलचे पैसे लावतात. हे मला पटलं, खोटं कशाला बोलू. तुकडे नंतर दिवाळीच्या साफसफाईत दिवाणाखाली सापडले, पण तेव्हा उपयोग शून्य.

क्लिपचं मात्र मी सोडलं नाही. खेळणं आलं त्या दिवशी मी बहिणीला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता, सगळे भाग चटईवर पसरलेले, आणि त्यात ती क्लिप नव्हतीच. तारखेसकट तो फोटो पाठवला, चार दिवसांत ३०० परत. म्हणजे खोका उघडला की पोराच्या हातात द्यायच्या आधी एक फोटो काढायचा, भाग पसरून, वरून. मी हा फोटो नशिबाने काढला होता, तुम्ही ठरवून काढा.

तर हिशोब: ११९९ भाडं, ३६० लेट चार्ज, ४०० पझल, एकूण १,९५९. डिपॉझिटचे २१०० परत आले.

आणि एक आमच्याच घरातली गंमत. भाड्याचा किचन सेट होता आणि सासूबाईंनी तुळशीबागेतून भातुकली आणलेली होती, दोन्ही एकाच डब्यात. मी घाईघाईत भरलं आणि आमची छोटी स्टीलची परात त्यांच्याकडे गेली, त्यांचा प्लास्टिकचा टोमॅटो आमच्याकडे राहिला. टोमॅटोचे पैसे नाही लावले त्यांनी, पण परात काही परत आली नाही आणि ते मला अजून ऐकून घ्यावं लागतं. त्यामुळे पॅक करायच्या आदल्या रात्री, पोर झोपल्यावर, त्यांच्या यादीतलं एकेक नाव वाचत एकेक भाग वेगळ्या झिपच्या पिशवीत टाका. स्क्रू पण, मोठ्या गाडीचे किंवा घसरगुंडीचे काढले असतील तर पिशवीत घालून तिथेच टेपने चिकटवा.

लाकडी खेळणी धुवायला बसू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि पंख्याखाली वाळवा, पावसाळ्यात पुण्यात याला दोन दिवस सहज लागतात, ओलं पॅक केलं की खोक्यात कुबट वास आणि बुरशी, आणि मग ते "खराब झालं" मध्ये जातं. सेलवाल्या खेळण्यातले सेल काढून घ्या, पडून राहिले की गळतात आणि आतली स्प्रिंग गंजते.

पिकअपच्या दिवशी

पोर शाळेत असताना बोलवा, एवढं करा. आमचीने महिनाभर न बघितलेला लाकडी ट्रेन सेट जाताना दिसला आणि जो काही भोकाड पसरला की बास.

कुरिअरचा माणूस नुसता खोका घेतो, आत काय आहे बघत नाही, म्हणून खोका बंद करायच्या आधी आतला फोटो, बंद केल्यावर बाहेरचा फोटो, आणि पिकअपची पावती किंवा नंबर आल्याशिवाय त्याला लिफ्टमध्ये जाऊ देऊ नका. गेटवर वॉचमन काकांकडे ठेवून जाऊ नका. काका बिचारे देतात कोणालाही, पण दोन खोके असतील आणि एकच गेला तर कोण सिद्ध करणार?

ॲक्टिव्हिटी बॉक्स वेगळा असतो, तो विकत घेतलेला, परत काही द्यायचं नसतं. तिथे तीन किंवा सहा महिन्यांचे पैसे आधीच घेतलेले असतात, त्यामुळे बंद केलं तरी बहुतेक वेळा उरलेले बॉक्स येतच राहतात. तिथे बघायचं एवढंच की शेवटचा बॉक्स आल्यावर पुढच्या सहा महिन्यांचं रिन्यूअल आपोआप चालू आहे का.

आणि डिपॉझिट देतच नसतील, किंवा बंद करायचं बटणच सापडू देत नसतील, तर आधी लेखी तक्रार त्यांच्याकडेच, आठवडाभर वाट बघा, आणि मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, १९१५. मेंबरशिप बंद करणं मुद्दाम अवघड करून ठेवणं हे केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या नियमांमध्ये नावानिशी दिलंय, त्याला सबस्क्रिप्शन ट्रॅप म्हणतात, तक्रारीत तो शब्द लिहा. सोबत बंद करायचा मेल, पिकअपची पावती, खोक्याचे फोटो आणि डिपॉझिट भरल्याचा स्क्रीनशॉट जोडा.