मुलाखतीत आवाज तुटला, त्यानंतरचा मेल

डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी माझी 45 मिनिटांची व्हिडिओ मुलाखत होती. पहिली 25 मिनिटं बरी गेली. मग एसक्यूएलचा प्रश्न आला: प्रत्येक ग्राहकाची शेवटची ऑर्डर कशी काढाल? मी आधी `GROUP BY` आणि `MAX` वापरून शेवटची तारीख काढायची आणि त्या तारखेवरून ऑर्डरच्या टेबलाशी जोड लावायची, ही साधी पद्धत सांगितली. मग तिच्यातली खोट सांगायला लागलो. एकाच तारखेला दोन ऑर्डर असतील तर अशा ग्राहकाच्या दोन्ही ओळी येतात, म्हणून `ROW_NUMBER()` घेऊन तारखेनंतर ऑर्डर क्रमांकावरही क्रम लावायचा, वगैरे. मी रंगात येऊन बोलत होतो. थोड्या वेळाने समोरून प्रश्न आला, "तुमचा आवाज तुटत होता. मग ग्रुप बाय एवढंच ना?"

मी "नाही, पुढे..." म्हणेपर्यंत माझं चित्र गोठलं. बाहेर पडून फोनच्या हॉटस्पॉटवरून परत आलो, त्यात सहा मिनिटं गेली आणि त्यांनी पुढचा विषय काढला.

गंमत म्हणजे मला त्यांचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, त्यामुळे माझ्या बाजूला काही बिघडलंय हे लक्षातच आलं नाही. नंतर पाहिलं तर लॅपटॉप फोटोंचा बॅकअप वर चढवत बसला होता. अपलोड तुंबलं की आपला आवाज तिकडे तुटतो, पण तिकडचा आपल्याला नीट येत राहतो.

मुलाखत संपल्यावर तासाभरात मेल लिहिला. घाई यासाठी की मुलाखत घेणारे बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आपला अभिप्राय भरतात. एकदा "उत्तर अर्धवट" असं लिहून गेलं की ते बदलायला लावणं फार अवघड. मेल एचआरमधल्या ज्या बाईंनी वेळ ठरवली होती त्यांना, मुलाखतीचं निमंत्रण ज्या मेलमध्ये आलं होतं त्यालाच उत्तर म्हणून पाठवला, म्हणजे कोणती जागा, कोण उमेदवार हे शोधावं लागत नाही.

पहिला मसुदा वाचून मीच ओशाळलो. तीन परिच्छेद, दोनदा माफी, इंटरनेट कंपनीवर राग आणि स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट. सगळं काढून टाकलं. शेवटी गेला तो असा:

"नमस्कार मॅडम,
आजच्या मुलाखतीबद्दल आभार. साधारण 25 मिनिटांनंतर माझ्या बाजूचं कनेक्शन बिघडलं आणि ग्राहकाच्या शेवटच्या ऑर्डरच्या प्रश्नावरचं माझं उत्तर अर्धंच पोचलं. एकाच तारखेच्या दोन ऑर्डर कशा हाताळायच्या, हा भाग राहिला. शक्य असल्यास तेवढ्यासाठी 10 मिनिटांचा फोन मिळेल का? मी उद्या सकाळी 10 ते 1 किंवा परवा दुपारी 3 नंतर मोकळा आहे. फोन जमत नसेल तर ठरवून दिलेल्या वेळेत लेखी उत्तरही देईन. बिघाडाचं कारण सापडलं असून ते दूर केलं आहे."

यात नेमका प्रश्न सांगितला आहे, हे सगळ्यात महत्त्वाचं. "मुलाखत नीट झाली नाही" असं मोघम लिहिलं, तर उमेदवाराला अख्खी मुलाखत पुन्हा हवी आहे असा अर्थ निघतो आणि तेवढा वेळ पुन्हा कोण काढणार? फोन मागितला कारण तोच सोपा: लिंक नको, कॅमेरा नको, परत बिघाडाची भीती कमी.

आणि उत्तर मेलमध्येच लिहून पाठवायचा मोह मी आवरला. बिघाडानंतर तासाभराने आलेलं नीटनेटकं उत्तर शोधून लिहिलेलं नाही, हे त्यांनी कशावरून मानायचं? राहिलेल्या भागाचं नाव घ्यायचं, उत्तर तोंडी द्यायची तयारी दाखवायची, इतपत ठीक.

एक पथ्य मात्र पाळावं. त्याच मुलाखतीत एका सांख्यिकीच्या प्रश्नावर मी आपणहून गडबडलो होतो, तेव्हा कनेक्शन ठणठणीत होतं. तो प्रश्न मी या मेलमध्ये घुसवला नाही. समोरच्याला आठवत असतं की आवाज कधी तुटला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर नव्हतं. दोन कामाचे दिवस थांबून एका ओळीची आठवण करायची आणि मग विषय सोडायचा, असं ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी फोनच आला. मी `ROW_NUMBER()` चं सांगून संपवतो न संपवतो तोच त्यांनी विचारलं, "आणि दोन्ही ऑर्डर दाखवायच्या असतील तर?" मी `RANK()` म्हणालो, पण तेव्हा क्रम फक्त तारखेवर लावायचा, हेही सांगितलं. फोन नऊ मिनिटांत संपला. पुढच्या फेरीचं निमंत्रण त्याच आठवड्यात आलं, आणि त्या दिवशी लॅपटॉपला थेट केबल जोडून बसलो.