महागड्या शहरात बदली: किती पगार मिळाला तर राहणीमान तेच राहील?

नव्या शहरातून नोकरीचं बोलावणं आलं की पहिला शोध ठरलेला असतो: ते शहर आपल्यापेक्षा किती टक्के महाग आहे? समजा उत्तर मिळालं ४० टक्के. मग माणूस सध्याच्या पगारावर ४० टक्के चढवतो आणि तेवढं मागून मोकळा होतो. हा आकडा जवळपास नेहमीच चुकतो. कधी जास्त निघतो, कधी कमी, कारण तो एका काल्पनिक सरासरी कुटुंबाचा असतो. त्या कुटुंबाचं भाडं, त्यांचा प्रवास आणि त्यांचे हप्ते तुमच्यासारखे असतीलच असं नाही.

आकडा स्वतःच काढावा. एक संध्याकाळ आणि गेल्या तीन महिन्यांचे बँकेचे व्यवहार एवढ्यावर काम होतं.

आधी सध्याचा महिना मांडा

हातात येणारा पगार १०० भाग धरा. चलन कुठलंही असो, हिशोब तोच राहतो. उदाहरणादाखल एक घर घेऊ: भाडं २०, किराणा २०, प्रवास ६, स्थानिक सेवा १४, कर्जाचे हप्ते आणि विमा १४, फोन-कपडे-ऑनलाइन खरेदी ८, बचत १८. स्थानिक सेवा म्हणजे पाळणाघर, घरकामाची मदत, केस कापणं, बाहेरचं जेवण; थोडक्यात ज्यात त्या शहरातल्या माणसाची मजुरी आणि तिथल्या जागेचं भाडं मिसळलेलं असतं ते सगळं.

बचतही या यादीत खर्चासारखीच धरा. ती वगळलीत तर नव्या शहरात सगळं जमल्यासारखं वाटतं आणि वर्षाअखेरीस खात्यात काहीच उरलेलं नसतं.

मग प्रत्येक ओळीला वेगळा भाव लावा

शहर बदललं म्हणून कर्जाचा हप्ता वाढत नाही. फोनचं बिल आणि ऑनलाइन मागवलेली वस्तूही एकाच देशात साधारण त्याच किमतीला मिळते. म्हणून १४ आणि ८ या दोन ओळी आहेत तशाच ठेवा. किराणा थोडा वाढेल, समजा दहा टक्के, म्हणजे २२. स्थानिक सेवा चांगल्याच वाढतात, कारण त्या देणारी माणसंही त्याच महागड्या शहरात भाडं भरत असतात. त्या १४ च्या १९ धरू. प्रवास ६ चा ९.

खरा घोळ भाड्याचा असतो. शहरांची तुलना करणारे आकडे बाजारभावाला बाजारभाव लावतात. तुम्ही मात्र चार वर्षांपूर्वी ठरलेल्या भाड्यात राहत असाल, म्हणजे आजच्या बाजारापेक्षा कमीच भरत असाल. तिथे जाऊन मात्र आजच्या बाजारभावाने घर घ्यावं लागणार. म्हणून टक्केवारी बाजूला ठेवा आणि प्रत्यक्ष रक्कम शोधा. तेवढ्याच खोल्यांच्या, कामापासून तेवढ्याच वेळाच्या अंतरावरच्या दहा जाहिराती घ्या, सगळ्यात स्वस्त दोन आणि सगळ्यात महाग दोन काढून टाका, उरलेल्यांचा मधला आकडा धरा. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, कामाला जाण्याच्या वेळी लागणाऱ्या मिनिटांत मोजा. आपल्या घराचं भाडं असं २० चं ४० झालं असं समजू.

बेरीज करा: ४० + २२ + ९ + १९ + १४ + ८ + १८ = १३०. शहर '४० टक्के महाग' होतं, पण या घराला हातात ३० टक्केच जास्त लागतात.

भाडं कमी करायला लांब राहायचं का?

हा मोह सगळ्यांना होतो. लांब राहिल्याने भाडं ४० ऐवजी ३० झालं आणि प्रवासखर्च ९ ऐवजी १२, तर महिन्याला ७ वाचतात. पण एका बाजूला ५० मिनिटं जास्त लागत असतील तर महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांत सुमारे ३७ तास जातात. सध्या तुम्ही महिन्याला १७६ तास काम करून १०० मिळवता, म्हणजे तासाला साधारण ०.५७. लांबचं घर तुमचा तास ०.१९ ला विकत घेतं, जवळजवळ एक तृतीयांश भावाने. काहींना तो सौदा चालतो. मात्र त्याला 'तेच राहणीमान' म्हणता येणार नाही, म्हणून पगार मागताना भाड्याचा ४० हाच आकडा धरावा.

हातातल्या पगारावरून एकूण पगार काढा

कंपनी बोलते एकूण पगाराबद्दल आणि आपण हिशोब केला हातातल्या पगाराचा. आपल्या उदाहरणात एकूण पगार १२५ आहे, त्यातून कर आणि इतर कपातींचे २५ जातात. १२५ वर ३० टक्के चढवले की १६२.५ होतात. आणि हिशोब बसला असं वाटतं.

पण बहुतेक ठिकाणी उत्पन्न वाढलं की करही वरच्या दराने लागतो. सध्या तुमच्या सगळ्या पगारावर सरासरी २० टक्के जातात, पण वाढीव पगारावर समजा ३० टक्के जातील. म्हणजे वाढीच्या प्रत्येक १०० पैकी ७० च हातात येतील. हातात ३० जास्त हवे असतील तर ३० भागिले ०.७, म्हणजे सुमारे ४३ वाढायला हवेत. एकूण पगार १६८. तो १६२.५ घेतलात तर दर महिन्याला पावणेचार कमी पडतील. वर्षाचे ४५, म्हणजे सध्याचा जवळपास अर्ध्या महिन्याचा हातातला पगार. नव्या ठिकाणी वेगळा स्थानिक आयकर असेल तर दर तिथलाच धरा. आणि १६८ हा निश्चित पगार असायला हवा. कामगिरीवर मिळणारी रक्कम त्यात मोजू नका, कारण घरभाडं कामगिरी पाहून ठरत नाही.

या हिशोबाबाहेरचं

सामानाची वाहतूक, दलाली आणि घराची अनामत रक्कम पगारात मिसळू नका. तो एकदाचा खर्च आहे (अनामत तर खर्चही नाही, अडकलेला पैसा आहे), त्यासाठी एकरकमी पैसे वेगळे मागावेत.

जोडीदाराची नोकरी हा मात्र सगळ्यांत मोठा आकडा ठरू शकतो. त्यांना तिथे नोकरी मिळेपर्यंत सहा महिने लागणार असतील तर त्या सहा महिन्यांचं उत्पन्न कुठून येणार हे निघण्याआधी लिहून ठेवा.

बचतीबाबत एक प्रश्न स्वतःला विचारा: तो पैसा शेवटी कुठे खर्च होणार? जुन्या शहरी परतायचं असेल तर १८ पुरे. नव्या शहरात घर घ्यायचं असेल तर तिथल्या भावाने बचत वाढायला हवी. ती २५ धरली तर हातात १३७ लागतात आणि एकूण पगार १७८ वर जातो.

कमी पगार आला तर

समजा कंपनी १६० वर थांबली. वाढ ३५, हातात त्यातले २४.५, म्हणजे महिन्याला साडेपाच कमी. ही तूट कुठल्या ओळीतून जाणार ते आधीच ठरवा. बचत १८ वरून साडेबारा होईल, किंवा ते लांबचं घर आणि ३७ तास. कंपनीशी बोलतानाही 'शहर महाग आहे' यापेक्षा भाड्याची आणि कराची ही दोन ओळींची मांडणी पुढे ठेवा. तिच्यावर आकड्यांत बोलता येतं.