चार्टवरचे इंडिकेटर कमी कसे करावेत: एकच गोष्ट दोनदा मोजणारे आधी काढा

आरएसआय 30 च्या खाली, स्टोकॅस्टिक 20 च्या खाली, विल्यम्स पर्सेंट आर उणे 80 च्या खाली, सीसीआयही उणे 100 च्या पलीकडे. चारही इंडिकेटर एकाच दिवशी 'शेअर फार पडलाय' असं सांगायला लागले की खरेदीचा धीर येतो. पण हे चौघे एकाच साक्षीदाराची चार नावं आहेत. चौघांनाही माहिती एकाच जागेवरून मिळते: गेल्या काही दिवसांच्या भावातून. म्हणून त्यांचं एकमत झालं तरी तुमच्या हाती नवी माहिती येत नाही.

आधी दोन जुळे ओळखू

एका शेअरचा गेल्या 14 दिवसांतला सर्वांत वरचा भाव 520 रुपये, सर्वांत खालचा 480 आणि आजचा बंद भाव 512 आहे असं धरा. स्टोकॅस्टिकची मूळ, म्हणजे वेगवान रेषा विचारते की 480 ते 520 या पट्ट्यात 512 तळापासून किती वर आहे. 40 पैकी 32, म्हणजे 80. विल्यम्स पर्सेंट आर तोच पट्टा घेऊन विचारतो की 512 माथ्यापासून किती खाली आहे. 40 पैकी 8, म्हणजे उणे 20. पहिल्या आकड्यातून 100 वजा केले की दुसरा मिळतो, आणि हे रोज, प्रत्येक शेअरमध्ये खरं असतं. स्टोकॅस्टिकची रेषा थोडी गुळगुळीत करून दाखवतात एवढंच, म्हणून पडद्यावर दोन्ही वेगळे वाटतात.

एमएसीडीचंही तसंच. 12 दिवसांच्या ईएमएमधून, म्हणजे ताज्या भावांना जास्त वजन देणाऱ्या सरासरीतून, 26 दिवसांचा ईएमए वजा केला की एमएसीडीची रेषा तयार होते. ती शून्य ओलांडते त्याच दिवशी ते दोन ईएमए एकमेकांना छेदतात. चार्टवर हे दोन ईएमए असतील तर शून्य ओलांडण्याचा वेगळा सिग्नल मोजू नका.

प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा

आता चार्टवरच्या प्रत्येक इंडिकेटरपुढे कागदावर दोन गोष्टी लिहा. त्याला कच्चा माल कोणता लागतो: फक्त बंद भाव, दिवसाचा वरचा-खालचा भाव, की व्हॉल्यूम? आणि तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो? प्रश्न मुळात चारच: भावाची दिशा कोणती, त्या दिशेने वेग किती, रोजची हालचाल किती मोठी आणि व्यवहार किती झाला.

मूव्हिंग अ‍ॅव्हरेज दिशेच्या रकान्यात जातं. आपल्याकडचा लाडका सुपरट्रेंडही तिथेच. त्याच्या आत एटीआर, म्हणजे रोजच्या हालचालीची सरासरी, असतो खरा, पण तो तुम्हाला सांगतो फक्त वर की खाली. आरएसआय, स्टोकॅस्टिक, सीसीआय वेगाच्या रकान्यात. एटीआर आणि बोलिंजर बँडची रुंदी हालचालीच्या. एका रकान्यातून एकापेक्षा जास्त ठेवायचा नाही. बहुतेकांचा वेगाचा रकाना भरगच्च निघतो आणि शेवटचे दोन रिकामे.

शंका असेल तर आकड्यांनी तपासा

गुगल शीट्समध्ये A1 या चौकटीत हे टाका. वर्षभराचे भाव आणि व्हॉल्यूम आपोआप येतील.

```
=GOOGLEFINANCE("NSE:INFY","all",DATE(2024,1,1),DATE(2024,12,31),"DAILY")
```

मग सोळाव्या ओळीत खालची तीन सूत्रं अनुक्रमे G, H आणि I या रकान्यांत लिहून खाली ओढा. पहिलं स्टोकॅस्टिक, दुसरं 14 दिवसांतला टक्केवारीतला बदल, तिसरं दिवसाच्या वरच्या-खालच्या भावातलं सरासरी अंतर, म्हणजे एटीआरचं सोपं रूप.

```
=100*(E16-MIN(D3:D16))/(MAX(C3:C16)-MIN(D3:D16))
=100*(E16/E2-1)
=100*AVERAGE(ARRAYFORMULA(C3:C16-D3:D16))/E16
```

शेवटी बाजूच्या रिकाम्या चौकटींत:

```
=CORREL(G16:G240,H16:H240)
=CORREL(G16:G240,I16:I240)
```

उत्तर 1 किंवा उणे 1 च्या जवळ आलं तर दोघे एकच गोष्ट मोजतात; शून्याच्या जवळ आलं तर वेगळी. मी 0.8 च्या पुढे गेलं की एकाला काढतो. हा कुठला नियम नाही, माझी सोय आहे. एकाच शेअरवर थांबू नका. एखादा संथ आणि एखादा उड्या मारणारा, असे दोन-तीन तपासा.

काय ठेवायचं

काही दिवस किंवा आठवडे शेअर ठेवणाऱ्यासाठी मी तिघे निवडेन: 50 दिवसांचं साधं अ‍ॅव्हरेज, 14 दिवसांचा एटीआर आणि व्हॉल्यूम. आरएसआय नाही म्हणून काहींच्या भुवया उंचावतील. पण जोरदार तेजीत तो कितीतरी दिवस 70 च्या वर बसून राहतो, आणि तेवढ्यावर विकणारा मधूनच उतरतो. ठेवायचाच असेल तर दिशेचं उत्तर आधी आणि आरएसआय नंतर, हे आधीच ठरवा.

अ‍ॅव्हरेज मागे असतं हे धरूनच चाला. 50 दिवसांचं अ‍ॅव्हरेज साधारण 25 दिवसांपूर्वीचा मध्य दाखवतं. भाव आडवा चालला की ते वारंवार छेदलं जातं आणि तेव्हा त्याचा उपयोग नसतो.

एटीआर खरेदी करायची का हे सांगतच नाही. तो किती घ्यायचं ते सांगतो. समजा भांडवल 2 लाख रुपये आणि एका सौद्यात 1 टक्का, म्हणजे 2,000 रुपये गमवायची तयारी आहे. शेअर 500 रुपयांना, एटीआर 12. स्टॉपलॉस दोन एटीआर खाली, 476 वर. प्रत्येक शेअरमागे जोखीम 24 रुपये, म्हणून 83 शेअर. तोच भाव पण एटीआर 25 असता तर स्टॉपलॉस 450 वर गेला असता आणि शेअर आले असते 40. आरएसआय दोन्ही शेअरमध्ये एकच आकडा दाखवत असेल, तरी हा फरक त्यातून कळणार नाही. मात्र निकालानंतर शेअर थेट 455 वर उघडला तर 476 चा स्टॉपलॉस तिथेच लागेल असं नाही, आणि 83 शेअरवर तोटा 3,700 च्या पुढे जाईल. एटीआर मागची हालचाल मोजतो, उद्याचा गॅप नाही.

व्हॉल्यूम 20 दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहा. भाव 50 दिवसांच्या अ‍ॅव्हरेजच्या वर गेला पण व्हॉल्यूम सरासरीच्या निम्माच असेल, तर मी थांबतो. व्हॉल्यूम पूर्णपणे स्वतंत्र असतो असंही नाही. मोठ्या हालचालीच्या दिवशी तो फुगतोच, म्हणून एटीआर आणि व्हॉल्यूम एकत्र वाढले तर त्याला दोन पुरावे समजू नका.

आणखी वेगळी माहिती हवी असेल तर एनएसई रोज डिलिव्हरीचा, म्हणजे प्रत्यक्ष खरेदीदाराच्या खात्यात गेलेल्या शेअरचा आकडा देते. 50 लाख शेअरच्या उलाढालीत डिलिव्हरी 15 लाख असेल तर ती 30 टक्के. उरलेल्यातला मोठा भाग त्याच दिवशी घेऊन विकलेला. हे भावावरून कळत नाही. मात्र आकडा बाजार बंद झाल्यावर येतो, त्यामुळे इंट्राडेवाल्यांना त्याच दिवशी त्याचा उपयोग नाही.

निफ्टीच्या चार्टवर हे त्रिकूट जसंच्या तसं लावू नका. निर्देशांकाची स्वतःची खरेदी-विक्री होत नाही. तिथे दिसणारा व्हॉल्यूम असलाच तर तो त्यातल्या शेअरचा असतो. तिथे व्हॉल्यूमऐवजी निफ्टी फ्युचर्सचा व्हॉल्यूम पाहा किंवा इंडिया व्हिक्स ठेवा. व्हिक्स निफ्टीच्या ऑप्शनच्या भावांवरून काढतात, म्हणजे त्याचा कच्चा माल तरी वेगळा आहे. पण तोही हालचालीच्या रकान्यातलाच, तेव्हा व्हिक्स लावलात तर एटीआर काढून टाका.