एक्सला काढायचंय ना? मग फॅमिली ग्रुप डिलीट करू नका

ब्रेकअपनंतर बरेच जण पहिलं हेच करतात, रागाच्या भरात गूगलचा अख्खा फॅमिली ग्रुपच उडवतात. माझ्या फोंड्याच्या मावसबहिणीचा हात पण तिथवर गेला होता. गूगल स्टोरेजचा २०० जीबीचा प्लॅन तिच्या नावावर, पैसे तीच भरते, जागा ग्रुपमधले सगळे वापरतात, आणि ग्रुपमध्ये आई, भाऊ आणि एक्स, जो बोटीवर कामाला असतो. ग्रुप उडवला असता तर एक्सबरोबर आई आणि भाऊ पण बाहेर. भावाचा डेटा ३० जीबी आणि फुकट मिळतात १५, म्हणजे फोटो लगेच जात नाहीत पण नवा बॅकअप बंद, जीमेलवर मेल येणं पण बंद, आणि हे त्याला कळणार कधी, तर इंटरव्ह्यूचा मेल आलाच नाही तेव्हा.

एकालाच काढता येतं. families.google.com/families उघडा, त्याच्या नावावर क्लिक करा, Remove member. हे फक्त मॅनेजरला, म्हणजे ग्रुप बनवणाऱ्याला जमतं. मॅनेजर तोच असेल तर तुम्ही फक्त बाहेर पडू शकता, तेव्हा आधी स्वतःचा प्लॅन घ्या नाहीतर डेटा १५ जीबीच्या आत आणा.

पण थांबा, काढलं की त्याला मेल जातो, म्हणून हे सगळ्यात शेवटी. आधी फोटो बघा.

गूगल फोटोजमधलं Partner Sharing, म्हणजे एकाचे फोटो दुसऱ्याला आपोआप दिसत राहणं, वेगळं असतं, ग्रुपमधून काढलं तरी ते चालूच राहतं. म्हणजे तुम्ही आज काढलेले फोटो तिकडे बोटीवर दिसतायत आणि तुम्हाला वाटतंय झालं एकदाचं! आमच्या बहिणीची अडचण उलटी पण होती, चवथीचे सगळे फोटो त्याच्या फोनवर काढलेले आणि हिला ते नुसते शेअर झालेले दिसायचे. शेअरिंग बंद केलं की सेव्ह न केलेले फोटो गायब होतात. म्हणून तिने आधी त्याचे शेअर केलेले फोटो उघडले, लागतील ते सिलेक्ट करून सेव्ह केले, मग दोन-चार उघडून बघितले. सेव्हचं बटन अजून दिसत असेल तर तो फोटो तुमच्याकडे आलेला नाही. सेव्ह केलेले तुमच्या जीबीत मोजले जातात, जागा बघून घ्या. त्यानंतरच फोटोजच्या सेटिंगमध्ये जाऊन पार्टनर काढला. त्याने तुमचे जे फोटो आधीच सेव्ह केलेत ते मात्र त्याच्याकडे राहणारच, त्याला काही इलाज नाही.

आता करा रिमूव्ह. मग myaccount.google.com वर सिक्युरिटीत डिव्हायसेस बघा, त्याच्या घरचा टीव्ही, जुना टॅब, जे तुमचं नाही ते साईन आऊट, आणि पासवर्ड बदला. तिथेच रिकव्हरी फोन आणि ईमेल पण तपासा, कारण नंबर त्याचाच राहिला तर पासवर्ड रिसेट करायचा कोड त्यालाच जाऊ शकतो.