प्रश्न सगळ्यांना सारखाच, तरी एका गटाला अवघड? डीआयएफ तपासताना या चुका टाळा

गणिताच्या पेपरात असा प्रश्न आहे असं समजा: 'एका फलंदाजाचा स्ट्राइक रेट 125 आहे. त्याने 40 चेंडूंत किती धावा केल्या?' उत्तर 50. तपासायचं आहे शेकडेवारीचं गणित. पण स्ट्राइक रेट म्हणजे दर 100 चेंडूंमागे धावा, हे ज्याला ठाऊक नाही तो शेकडेवारीत पक्का असूनही अडतो. दोन गटांतले सारख्याच तयारीचे उमेदवार एखाद्या प्रश्नाला वेगवेगळ्या प्रमाणात बरोबर उत्तर देतात, तेव्हा त्याला डिफरन्शियल आयटम फंक्शनिंग, म्हणजे डीआयएफ म्हणतात. या व्याख्येतले 'सारख्याच तयारीचे' हे शब्द निसटले की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

थेट टक्केवारी ताडून पाहणं

ही सर्वांत जुनी आणि सर्वांत महागात पडणारी चूक. अमेरिकेत इलिनॉयच्या विमा एजंट परवाना परीक्षेवरून गोल्डन रूल विमा कंपनीने एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस (ईटीएस) या परीक्षा संस्थेवर दावा लावला होता. 1984 मध्ये तडजोड झाली. कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय उमेदवारांच्या बरोबर उत्तरांच्या प्रमाणात फार तफावत नसलेले प्रश्न आधी निवडायचे, असं त्यात ठरलं. पुढे संस्थेचे अध्यक्ष ग्रेगरी अ‍ॅनरिग यांनीच ती तडजोड चूक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. कारण साधं आहे: दोन गटांची तयारीच वेगळी असेल तर निर्दोष प्रश्नातही तफावत दिसणार. आणि उलटही होतं, दोष असूनही तफावत दिसत नाही.

आपल्या प्रश्नावर हे करून पाहू. आकडे कल्पित आहेत आणि सोयीसाठी एकूण गुणांचे दोनच पट्टे घेतले आहेत.

कमी गुणांच्या पट्ट्यात 100 मुलांपैकी 30 बरोबर, 50 मुलींपैकी 10 बरोबर. जास्त गुणांच्या पट्ट्यात 50 मुलांपैकी 40 बरोबर, 100 मुलींपैकी 65 बरोबर.

एकत्र केलं तर मुलं 150 पैकी 70, मुली 150 पैकी 75. मुली पुढे! पट्ट्यापट्ट्याने पाहा: 30 टक्क्यांसमोर 20, आणि 80 समोर 65. दोन्हीकडे मुली मागे. एकूण तयारी चांगली असलेल्या मुली जास्त होत्या, म्हणून दोष झाकला गेला.

हा दोष मोजायला मँटेल-हॅन्झेल पद्धत वापरतात. प्रत्येक पट्ट्यात मुलांची बरोबर उत्तरं गुणिले मुलींची चूक उत्तरं, भागिले पट्ट्यातले एकूण उमेदवार. मग त्याच्या उलट जोडीचं तसंच. पहिल्या बेरजेला दुसरीने भागायचं, आणि आलेल्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे ln, घेऊन -2.35 ने गुणलं की ईटीएसच्या मापातला आकडा मिळतो.

```
(30×40/150 + 40×35/150) / (70×10/150 + 10×65/150)
= 17.33 / 9.00 = 1.93
-2.35 × ln(1.93) ≈ -1.54
```

ऋण चिन्ह म्हणजे प्रश्न मुलींना जड गेला.

आकडा 1.5 पार गेला की लगेच प्रश्न उडवणं

ईटीएसच्या वर्गवारीत A म्हणजे नगण्य, B मध्यम, C मोठा दोष. C साठी चिन्ह सोडून आकडा 1.5 किंवा जास्त हवा, शिवाय तो 1 पेक्षा खात्रीने मोठा आहे हे संख्याशास्त्राने दिसायला हवं. इथे 300 च उमेदवार आहेत. प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा निव्वळ योगायोगाने किती हलू शकतो याचं माप, 0.7 च्या आसपास येते, म्हणून 1.54 असूनही हा प्रश्न B मध्येच बसतो. छोट्या क्लासच्या सराव परीक्षेवर डीआयएफ चालवून निकाल छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

आणि दोन पट्टे खऱ्या कामात चालत नाहीत. पट्टा रुंद असला की त्याच्या आतच तयारीचा फरक उरतो आणि नसलेला दोष दिसू लागतो. शक्यतो प्रत्येक गुणाचा वेगळा गट करावा.

एकूण गुण निर्मळच आहेत असं धरणं

पेपरात क्रिकेटचे असे सहा प्रश्न असतील तर मुलींचे एकूण गुणच खाली येतील. मग ज्या मापाने 'सारखी तयारी' ठरवली तेच वाकडं. त्यावर उपाय म्हणून पहिल्या फेरीत सापडलेले दोषी प्रश्न वगळून एकूण गुण पुन्हा काढतात आणि सगळे प्रश्न परत तपासतात. मात्र ज्या प्रश्नाची तपासणी चालू आहे, त्याचा गुण त्या बेरजेत ठेवायचा असतो. हे बरेच जण विसरतात.

याची मर्यादाही आहे. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलेल्या पेपराचं भाषांतर सगळीकडेच बोजड असेल, तर प्रत्येक प्रश्न सारखाच जड जातो. डीआयएफ एका प्रश्नाची तुलना बाकीच्या प्रश्नांशी करतो, म्हणून असा सरसकट दोष त्याला दिसतच नाही. तो पकडायला पेपर वाचणारी माणसंच लागतात.

आकड्यालाच अन्याय समजणं

डीआयएफ सापडला म्हणजे पक्षपात सिद्ध झाला असं नाही. प्रश्न वाचून कारण शोधावं लागतं. जड जाणारी गोष्ट परीक्षेच्या विषयातलीच असेल, तर प्रश्न राहतो. क्रीडा पत्रकारितेच्या परीक्षेत स्ट्राइक रेट विचारणं रास्तच. शेकडेवारीच्या पेपरात मात्र वाक्य बदलायचं: 'दर 100 चेंडूंना 125 धावा या गतीने 40 चेंडूंत किती धावा होतील?' क्रिकेट राहिलं, अट गेली. बदललेला प्रश्न नवा समजून पुन्हा उमेदवारांवर तपासायचा. जुना आकडा त्याला लागू होत नाही.